पात्रतेची तारीख आणि पडताळणीचा दिवस

2025 च्या उन्हाळ्यात तेलंगणा लोकसेवा आयोगाने ग्रुप-2 च्या 783 पदांसाठी सर्टिफिकेट व्हेरिफिकेशन, म्हणजे कागदपत्रांची पडताळणी, हैदराबादला नामपल्लीत ठेवली. दिवस ठरले 29 मे ते 10 जून, आणि त्यापुढे आणखी एक दिवस जोडला गेला: 11 जून, राखीव. त्याआधी एप्रिलमध्ये ग्रुप-1 च्या वेळीही 22 एप्रिल हा दिवस असाच राखून ठेवला होता. वेळापत्रकाच्या शेवटी येणारा हा एक दिवस मला फार बोलका वाटतो. बोलावलेल्या दिवशी एखाद्याचे काम पुरे होणार नाही आणि तरी त्याची निवड रद्द करण्याजोगे काही घडलेले नसेल, हे आयोगाने त्यातून मान्य केले आहे. पण तो दिवस कोणाला मिळावा, आजारपणात तो मागता येतो का, मागायचा तर कसा, आणि रुग्ण त्याही दिवशी उठू शकला नाही तर काय, याचे उत्तर उमेदवाराला अर्ज भरतानाच छापील मिळत नाही. माझे म्हणणे असे की अचानक कोसळलेल्या आजारपणात पडताळणीची नवी तारीख मागणे ही सवलतीची मागणी नाही. तिची तरतूद भरतीच्या जाहिरातीतच असली पाहिजे. आणि त्या तरतुदीला एक शेवटची रेषाही असली पाहिजे, जिच्यापलीकडे कोणाचेही ऐकले जाणार नाही.

पडताळणीत नेमके काय होते, ते आधी पाहू. दहावीच्या मेमोवरून जन्मतारीख पाहतात. पदवीचे प्रमाणपत्र, तहसीलदाराने दिलेला जातीचा दाखला, मागासवर्गीयांसाठी नॉन क्रीमी लेयर, नोकरीत असेल तर खात्याचे ना हरकत पत्र आणि पहिली ते सातवीचे शाळेचे दाखले तपासतात. मूळ कागद दाखवायचे आणि साक्षांकित प्रती द्यायच्या. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथसारख्या महाराष्ट्राच्या सीमेवरच्या मंडलात शाळेच्या दाखल्यांना विशेष वजन आहे. 2018 च्या राष्ट्रपती आदेशानुसार उमेदवार कोणत्या जिल्ह्याचा आणि कोणत्या झोनचा स्थानिक हे पहिली ते सातवीतली सर्वाधिक वर्षे तो कुठे शिकला यावरून ठरते. आदिलाबाद जिल्हा बासर झोनमध्ये येतो. अर्धे गणगोत किनवटकडे आणि अर्धे इकडे, अशा मराठी घरातल्या मुलाची दोन वर्षे आजोळच्या शाळेत गेली असतील, तर त्याच्या नोकरीचा प्रश्न जुन्या शाळेच्या रजिस्टरातल्या एका ओळीवर येऊन ठेपतो.

पण ती ओळ पंधरा-वीस वर्षांपूर्वी लिहिली गेली. पदवी जाहिरातीत दिलेल्या तारखेच्या आत मिळालेली होती किंवा नव्हती. यातले काहीही पडताळणीच्या दिवशी घडत नाही. भरतीत दोन वेगवेगळ्या तारखा असतात आणि आपण त्यांची गल्लत करतो. एक पात्रतेची तारीख, जिच्यापर्यंत अट पुरी झालेली असली पाहिजे. दुसरा पडताळणीचा दिवस, ज्या दिवशी ती पुरी झाली होती याचा पुरावा कोणीतरी डोळ्यांनी पाहतो. पहिली तारीख हलवली तर स्पर्धाच बदलते, कारण कालपर्यंत अपात्र असलेला माणूस आज पात्र होतो. दुसरा दिवस हलवला तर फक्त पाहण्याची वेळ बदलते. लेखी परीक्षा चुकली तर नवी प्रश्नपत्रिका काढावी लागते, तिची काठिण्यपातळी जुन्या पत्रिकेशी जुळत नाही, म्हणून तिथे कठोर राहण्याला अर्थ आहे. पोलीस भरतीच्या धावण्यात दोन महिन्यांनी धावणाऱ्याला दोन महिन्यांचा सराव जास्त मिळतो. पडताळणीत असा काही लाभ मिळू शकत नाही. गुण आधीच पडलेले असतात, क्रमही लागलेला असतो. शिवाय सगळ्यांना एकाच दिवशी बोलावलेले नसतेच. कोणी 29 मेला गेला, कोणी 10 जूनला, आणि शेवटी गेलेल्याला बारा दिवस जास्त मिळाले म्हणून कोणी अन्यायाची ओरड केली नाही. मग दवाखान्यातल्या खाटेवर असलेल्या उमेदवाराने आणखी एका दिवसाने यायचे म्हटले, तर कोणाचे काय जाते?

न्यायालयांनी या भेदाची दखल घेतलेली आहे. ओडिशातल्या वैद्यकीय प्रवेशाच्या एका प्रकरणात माजी सैनिकाच्या मुलीला जिल्हा सैनिक मंडळाने चुकीचे प्रमाणपत्र दिले आणि समुपदेशनाच्या वेळी तिचा हक्क नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सांगितले की पात्रता ठरलेल्या तारखेला असलीच पाहिजे. पण पात्रतेचा पुरावा केव्हा द्यायचा, या नियमातली प्रत्येक चूक उमेदवारी रद्द करण्याइतकी जड मानायचे कारण नाही. त्याच न्यायालयाचा 2011 चा दुसरा निकाल मात्र भरती कार्यालयाच्या बाजूने नेहमी पुढे केला जातो, आणि तो टाळून हा विषय मांडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आसाम लोकसेवा आयोगाच्या निवडीत एका उमेदवाराने अपंगत्वाचे ओळखपत्र वेळेत जोडले नव्हते. न्यायालयाने म्हटले की अट शिथिल करण्याचा अधिकार नियमांत किंवा जाहिरातीत राखून ठेवलेला नसेल तर ती शिथिल करता येत नाही, आणि राखलेला असेल तर तो वापरताना सर्वांना कळवले पाहिजे. नाहीतर सवलत आहे हे ठाऊक नसल्यामुळे अर्जच न केलेल्यांवर अन्याय होतो.

कार्यालये हा निकाल वाचून ‘आमचे हात बांधलेले आहेत’ असे उत्तर देतात. मी तो उलट बाजूने वाचतो. अधिकार आधी लिहून ठेवा आणि सर्वांना कळवा, असा मार्गच न्यायालयाने त्यात दाखवला आहे. जाहिरात लिहिणारे कार्यालयच जाहिरातीत ओळ घालत नाही आणि पुढे त्या ओळीच्या अभावाचे कारण सांगते, हे पटण्यासारखे नाही. 7 नोव्हेंबर 2024 रोजी घटनापीठाने राजस्थान उच्च न्यायालयातल्या अनुवादक भरतीच्या प्रकरणात ठरवले की निवडीची प्रक्रिया सुरू झाल्यावर खेळाचे नियम मधेच बदलता येत नाहीत, जोवर मूळ नियम किंवा जाहिरात तशी मुभा देत नाही. त्याचाही अर्थ हाच निघतो: मुभा द्यायची ती सुरुवातीला.

आता एक प्रसंग कल्पून तो टप्प्याटप्प्याने तपासू, कारण हे प्रकरण तपशिलातच जिंकले किंवा हरले जाते. समजा, बोथ मंडलातल्या एका मुलीला सोमवारी सकाळी नामपल्लीला बोलावले आहे. रविवारी रात्रीची बस धरायची, पहाटे हैदराबाद, असा बेत. शनिवारी संध्याकाळी तिच्या पोटात उजव्या बाजूला कळा सुरू होतात. 108 ची गाडी येते, बोथच्या सरकारी दवाखान्यातून तिला आदिलाबादच्या रिम्सला पाठवतात आणि रविवारी पहाटे अपेंडिक्सचे ऑपरेशन होते. सगळे सुरळीत झाले तरी दोन-चार दिवस दवाखाना आणि त्यानंतर काही दिवस लांबचा प्रवास नको. अपेंडिक्स फुटले असेल तर आठवडा सहज जातो. पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरची बस या काळात कोणताही डॉक्टर मान्य करणार नाही.

घरच्यांची पहिली प्रतिक्रिया असते की आधी पोरगी बरी होऊ दे, मग डॉक्टरांचे सर्टिफिकेट घेऊन साहेबांना भेटू. नुकसान इथेच होते. तारीख टळून गेल्यावर दिलेला अर्ज ‘गैरहजर होता, आता कारण सांगतो’ असा वाचला जातो. तारखेआधी, निदान त्या दिवशी बोलावलेल्या वेळेआधी, पोहोचलेला अर्ज ‘येऊ शकत नाही, दुसरी तारीख द्या’ असा वाचला जातो. कारण दोन्हीकडे एकच असले तरी कागदावर ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. म्हणून रविवारीच अर्जात नोंदवलेल्या ईमेलवरून आयोगाच्या मदत-पत्त्यावर निरोप गेला पाहिजे. कार्यालय बंद असले तरी ईमेलवर वेळ उमटते. सोमवारी सकाळी भावाने किंवा वडिलांनी सही केलेला अर्ज नामपल्लीच्या टपाल विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. जाणारे कोणी नसेल तर स्पीड पोस्ट करून पावती जपून ठेवावी. फोन करायला हरकत नाही, पण फोनवर मिळालेल्या ‘बघू, या नंतर’ या उत्तराचा पुढे कुठेही पुरावा होत नाही. आणि भावाला मूळ प्रमाणपत्रांची फाइल देऊन तिच्या जागी पडताळणीला पाठवू नये. ओळख पटवणे हा पडताळणीचा अर्धा भाग आहे, त्यामुळे ती पडताळणी ग्राह्य धरली जाणार नाही. शिवाय मूळ कागद प्रवासात हरवण्याची जोखीम वेगळीच.

अर्ज एका पानाचा पुरतो. अधिसूचना क्रमांक, हॉल तिकीट क्रमांक, बोलावल्याची तारीख आणि वेळ, दाखल झाल्याची तारीख आणि वेळ, दवाखान्याचे नाव, आयपी नंबर आणि डॉक्टरांच्या मते प्रवास केव्हा शक्य होईल. त्यानंतर दोन वाक्ये, जी सहसा कोणी लिहीत नाही आणि माझ्या मते जी सर्वांत मोलाची आहेत. पहिले, माझी सर्व पात्रता जाहिरातीतल्या तारखेला पूर्ण होती आणि मी त्यानंतरचा कोणताही नवा पात्रतेचा कागद मागाहून देण्याची परवानगी मागत नाही. दुसरे, मी मागते ती फक्त हजर राहण्याची दुसरी तारीख, आणि तीही राखीव दिवशी किंवा निवड यादी लागण्याआधी. या दोन वाक्यांनी आसामच्या निकालाचा आधार घेऊन नकार देणे कठीण होते, कारण पात्रतेची अट शिथिल करण्याचा प्रश्नच उरत नाही. जमल्यास याच ईमेलला मूळ कागदांच्या स्कॅन प्रती जोडाव्यात. सोमवारी ते कागद तिच्या हातात होते एवढे त्यातून सिद्ध होते.

भाषेचाही प्रश्न आहे. बोथचा रोगी नेहमी आदिलाबादलाच जातो असे नाही. सोनाळ्याकडचे लोक किनवटजवळ गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयात जातात, मोठे दुखणे असले तर नांदेड, नाहीतर नागपूर. तिथे मिळणारा कागद महाराष्ट्र शासनाचा, शिक्का मराठी, कधी कधी अर्धा मजकूरही मराठी. हैदराबादच्या टेबलावर तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी वाचली जाते. दुसऱ्या राज्यातला, न वाचता येणारा दाखला संशयाने बाजूला पडतो, आणि त्यात त्या कारकुनाचा दोष नसतो. डॉक्टरांकडून चार ओळी इंग्रजीत लिहून घेणे आणि त्यांचा वैद्यकीय नोंदणी क्रमांक त्यात असल्याची खात्री करणे एवढे इथल्या मराठी घरांनी लक्षात ठेवायला हवे.

पहिला आक्षेप खोट्या दाखल्यांचा. शंभर रुपयांत आजारपणाचा दाखला मिळतो, मग कोणीही तारीख वाढवून घेईल, असे अधिकारी म्हणतात. भीती खरी आहे. पण खोटा दाखला देऊन इथे मिळणार काय? ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही त्याला काही दिवस मिळतील आणि तेवढ्यात तो ते काढून आणेल, हा एकच खरा धोका आहे. त्याचा बंदोबस्त प्रमाणपत्रावरची तारीख पाहून होतो. पात्रतेच्या तारखेनंतरचा पात्रतेचा कागद घ्यायचा नाही एवढे ठरवले की वाढीव दिवसांचा काही उपयोग उरत नाही. खऱ्या आजारपणाच्या खुणाही दाखल्यापेक्षा इतर कागदांत जास्त सापडतात. ‘अमुक व्यक्तीस दहा दिवस विश्रांतीचा सल्ला’ असा एकोळी कागद काहीच सिद्ध करत नाही. दवाखान्याच्या नोंदवहीतला अनुक्रमाने येणारा आयपी नंबर, रक्त तपासणीच्या वेळा, भूल देणाऱ्या डॉक्टरांची सही, 108 ला केलेल्या कॉलची नोंद, राजीव आरोग्यश्री योजनेखाली उपचार झाले असतील तर तिथला मंजुरी क्रमांक, हे सगळे मागाहून रचणे अवघड आहे. यातल्या बऱ्याच नोंदी सरकारच्याच दप्तरात असतात. कार्यालयाने दाखल्याऐवजी डिस्चार्ज समरी आणि आयपी नंबर मागावा, म्हणजे खोट्याला आपोआप चाळणी लागते.

दुसरा आक्षेप समानतेचा, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. अंगात ताप असताना रात्रभर बसने येऊन रांगेत उभे राहिलेले उमेदवार असतात. त्यांनी त्रास सोसला आणि दुसऱ्याला घरबसल्या तारीख मिळाली, हे बरोबर आहे का? याचे उत्तर रेषा नीट आखण्यात आहे. ताप, मुरगळ, पित्त यांसाठी तारीख बदलू नये. अंतर्रुग्ण म्हणून दाखल असणे, किंवा प्रवास केल्यास जिवाला धोका आहे असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून देणे, हीच कसोटी असावी. तापात आलेल्याचे कौतुक जरूर करावे. पण त्याने सोसले म्हणून टाके घातलेल्या पोटानेही सोसावे, असे म्हणण्याने समानता साधत नाही. बाळंतपणाबद्दल तर वादच नको. शिक्षक भरतीसारख्या ठिकाणी तरुण स्त्रिया मोठ्या संख्येने असतात आणि परीक्षेपासून पडताळणीपर्यंत कित्येक महिने जातात. जिची प्रसूती नेमकी त्या आठवड्यात झाली, तिला गैरहजर म्हणून वगळले तर तो नियम फक्त स्त्रियांनाच लागणारी शिक्षा होतो. घरच्यांच्या आजारपणाबाबत मात्र मी हात आखडता घेईन. दुःख खरे असले तरी तिथे सीमा आखता येत नाही, आणि सीमा नसलेला नियम चार दिवसांत मोडीत निघतो. जवळच्या माणसाचा मृत्यू एवढाच अपवाद मी धरेन.

तिसरा आक्षेप विलंबाचा. एकासाठी सगळ्यांच्या नेमणुका थांबवायच्या का? इथे 2024 ची तेलंगणातली डीएससी आठवावी. 11,062 शिक्षक पदांची ही भरती. निकाल लागला 30 सप्टेंबरला, जिल्ह्याजिल्ह्यात पडताळणी 1 ते 5 ऑक्टोबर, तीही एका पदामागे तीन उमेदवारांची, आणि 9 ऑक्टोबरला हैदराबादच्या एलबी स्टेडियमवर नेमणुकीची पत्रे. निकालापासून पत्रापर्यंत नऊ दिवस. एरवी वर्षानुवर्षे रखडणाऱ्या भरत्या पाहता ही गती स्वागतार्ह होती, आणि पडताळणी आदिलाबादलाच असल्याने बोथच्या माणसाचा हैदराबादचा फेराही वाचला. पण या वेगात दवाखान्यात पडलेल्याला जागा कुठे होती? 5 आणि 9 च्या मधल्या मोजक्या दिवसांतच. म्हणून मी थांबण्याची मागणी करत नाही. वेळापत्रक जितके घट्ट, तितका राखीव दिवस आधीपासून त्यात विणलेला हवा, एवढेच म्हणतो. एका पदामागे तिघांना बोलावले असेल तर यादी लावताना त्या एका उमेदवाराच्या क्रमापुरते पद दोन दिवस राखून ठेवता येते. बाकीच्या नेमणुका चालू राहतात. तिच्या खालच्या क्रमांकावरच्या उमेदवाराला थांबावे लागेल हे खरे. पण 1991 च्या घटनापीठाच्या निकालाप्रमाणे यादीत नाव असल्याने नेमणुकीचा पक्का हक्क मिळत नाही. मनमानी न होण्याचा हक्क तेवढा मिळतो. गुण जास्त असलेली मुलगी ऑपरेशनमुळे एक सोमवार चुकली म्हणून आपल्याला जागा मिळावी, असा हक्क त्याला कुठलाही नियम देत नाही.

आता ती शेवटची रेषा. अंतिम निवड यादी लागून पत्रे वाटली गेली की नवी तारीख मागू नये आणि देऊही नये. कारण त्या क्षणी दुसऱ्या कोणाच्या तरी घरी नेमणूक पोहोचलेली असते आणि ती काढून घेणे म्हणजे एका आजारी माणसाचे दुःख निरोगी माणसाच्या अंगावर टाकणे. आजारपण कितीही गंभीर असले तरी माझे हे मत बदलत नाही. ज्यांना हे कठोर वाटेल त्यांनी लक्षात घ्यावे की रेषा इतकी स्पष्ट ठेवली, तरच तिच्या अलीकडे उदार राहता येते.

जाहिरातीत घालायची ओळ फार लांब नाही. ‘पडताळणीच्या दिवशी उमेदवार अंतर्रुग्ण असल्यास, किंवा प्रसूतीमुळे अथवा डॉक्टरांच्या लेखी मतानुसार प्रवास जिवाला धोकादायक असल्यास, बोलावलेल्या वेळेपूर्वी ईमेलने कळवल्यावर त्यास राखीव दिवशी, व तेही अशक्य असल्यास अंतिम यादीपूर्वीच्या एका दिवशी बोलावण्यात येईल, पात्रतेच्या तारखेनंतर मिळालेले पात्रतेचे प्रमाणपत्र स्वीकारले जाणार नाही.’ यात हवे तर एवढे जोडावे की नकार द्यायचा झाल्यास कारणासह लेखी द्यावा आणि तो यादीआधी द्यावा. हे शेवटचे मी मुद्दाम म्हणतो. महाराष्ट्रातल्या उमेदवाराला राज्याच्या सेवेतल्या भरतीच्या तक्रारीसाठी प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. तेलंगणात तसे न्यायाधिकरण उरलेले नाही, त्यामुळे बोथच्या मुलीला थेट हैदराबादच्या उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. वकील, प्रवास आणि वेळ या तिन्ही गोष्टी तिला महाग पडतात. यादीआधी चार दिवस मिळालेला कारणासह नकार तिला निदान न्यायालयापर्यंत पोहोचू देतो. उत्तरच न देता यादी लावली गेली तर तिच्याजवळ उरतो तो आवक शिक्क्याचा कागद आणि ईमेलवर उमटलेली रविवारची वेळ, आणि न्यायालयात तिच्या वकिलाला सुरुवात तिथूनच करावी लागते.